हळू क्लॉकवर डोमिनो गेट चुकीचं उत्तर का देतो?

प्रश्न: क्लॉक लो असताना प्रीचार्ज आणि हाय असताना इव्हॅल्युएट, एवढं डायनॅमिक लॉजिक मला समजलं आहे. मी ८ इनपुटचा डोमिनो ऑर गेट केला. सिम्युलेशनमध्ये ५०० मेगाहर्ट्झला नीट चालतो, पण तापमान ११० अंशांवर नेऊन क्लॉक १०० मेगाहर्ट्झ केला तर सगळे इनपुट शून्य असूनही आउटपुट १ होतो. क्लॉक हळू केल्यावर गेटला वेळ जास्तच मिळायला हवा ना? चार्ज हरवतो म्हणजे नक्की जातो कुठे?

उत्तर:

उत्तर काढायला गेटला जास्त वेळ मिळतो, हे खरं आहे. पण तेवढाच जास्त वेळ त्याला एक गोष्ट जपून ठेवावी लागते, आणि तुमचा गेट तिथे हरतो आहे.

इव्हॅल्युएट सुरू झाल्यानंतर डायनॅमिक नोडची अवस्था काय असते ते पाहू. या नोडला आपण X म्हणू. क्लॉक लो असताना वरचा पीमॉस चालू असतो आणि X थेट पुरवठ्याला जोडलेला असतो. क्लॉक हाय झाला की तो पीमॉस बंद होतो आणि खालचा फूट ट्रान्झिस्टर चालू होतो. एखादा इनपुट १ असेल तर X ला जमिनीपर्यंत वाट मिळते आणि तो रिकामा होतो. ही बाजू सुरक्षित आहे, कारण त्या इनपुटचा ट्रान्झिस्टर चालू असेपर्यंत X ला तो स्वतः शून्यावर धरून ठेवतो. क्लॉक तासभर हाय राहिला तरी हे शून्य बिघडत नाही.

सगळे इनपुट ० असतील तर मात्र वरचा पीमॉसही बंद आणि खालचे आठही एनमॉस बंद. X कशालाच जोडलेला नसतो. त्याचं १ असणं म्हणजे त्या तारेवर आणि तिला लागलेल्या ट्रान्झिस्टरांच्या कपॅसिटन्सवर साठलेला थोडासा चार्ज, बाकी काही नाही. साध्या सीमॉस गेटमध्ये १ टिकतो, कारण पीमॉस तो सतत भरत असतो. इथे भरणारा कोणीच नाही.

आणि ज्यांना आपण बंद म्हणतो ते आठ एनमॉस पूर्ण बंद नसतात. गेटवर शून्य व्होल्ट असतानाही ड्रेनपासून सोर्सकडे थोडा प्रवाह वाहतो, त्याला सबथ्रेशोल्ड गळती म्हणतात. ड्रेनच्या जंक्शनमधून सब्स्ट्रेटकडे आणखी थोडा जातो. तुमचा फूट ट्रान्झिस्टर या वेळी पूर्ण चालू असतो, त्यामुळे तो ही गळती अडवत नाही. आठ नळ एकदम ठिबकत आहेत आणि भांडं एकच आहे. चार्ज जातो तो इथूनच, फूटमधून जमिनीत.

आता आकडे धरू. तुमच्या प्रोसेसचे नेमके आकडे मला माहीत नाहीत, म्हणून १ व्होल्टच्या एखाद्या प्रोसेसला शोभतील असे घेतो. तुम्ही तुमचे घाला.

X चा एकूण कपॅसिटन्स १० फेमटोफॅरड आहे असं समजू. X उलटवून गेटचं आउटपुट देणाऱ्या पुढच्या इन्व्हर्टरला X कधीपर्यंत १ वाटतो, हा पहिला प्रश्न. अर्ध्या व्होल्टपर्यंत, असं म्हणायचा मोह होतो, पण डोमिनोतला इन्व्हर्टर बहुतेक वेळा मुद्दाम एका बाजूला झुकवलेला असतो. त्याचं आउटपुट ० वरून १ वर पटकन जावं म्हणून त्यातला पीमॉस मोठा करतात, आणि त्यामुळे त्याची पलटण्याची पातळी वर सरकते. म्हणजे वेगासाठी केलेला बदल इथे आपलाच शत्रू होतो. म्हणून X ची घसरण ०.३ व्होल्टपेक्षा जास्त चालणार नाही असं धरू. उरलेली जागा नॉइजसाठी.

प्रत्येक बंद एनमॉसची गळती खोलीच्या तापमानाला ५ नॅनोअँपिअर, आठांची मिळून ४०. गणित एका ओळीचं आहे:

```
t = C * dV / I

25 C :  10 fF * 0.3 V / 40 nA   = 75 ns
110 C:  10 fF * 0.3 V / 800 nA  = 3.75 ns
```

दुसऱ्या ओळीत गळती २० पट धरली आहे. तापमान वाढलं की थ्रेशोल्ड व्होल्टेज खाली येतं आणि सबथ्रेशोल्ड प्रवाहाचा उतारही सौम्य होतो, म्हणून ही गळती घातांकी चालीने वाढते. नेमकी किती पट, हे प्रोसेसवर अवलंबून असतं.

क्लॉक अर्धा वेळ हाय आणि अर्धा वेळ लो असेल, तर ५०० मेगाहर्ट्झला इव्हॅल्युएट १ नॅनोसेकंद चालतो. ३.७५ च्या मानाने हे आरामात बसतं. १०० मेगाहर्ट्झला तो ५ नॅनोसेकंद चालतो, आणि X चौथा नॅनोसेकंद पुरा व्हायच्या आतच हद्द ओलांडतो. थंड असताना त्याच १०० मेगाहर्ट्झला ७५ नॅनोसेकंदांची मुभा असते, म्हणून गेट खुशाल चालतो. तुमच्या निरीक्षणाशी हे जुळतं. हा चार्ज किती लहान आहे याची कल्पना हवी असेल तर: ०.३ व्होल्ट गुणिले १० फेमटोफॅरड म्हणजे ३ फेमटोकूलंब, सुमारे १९ हजार इलेक्ट्रॉन. तेवढे निघून गेले की तुमच्या १ चा ० होतो.

आणि तो पुन्हा १ होत नाही. साध्या गेटमध्ये एखादी क्षणिक चूक आपोआप भरून निघते. डोमिनोत X घसरला की इन्व्हर्टरचं आउटपुट वर जातं, पुढच्या गेटचा एनमॉस चालू होतो आणि त्याचा डायनॅमिक नोड खरोखरच रिकामा होतो. तो पुढच्या प्रीचार्जपर्यंत भरला जाणार नाही. डोमिनो गेटचा हा प्रकार १९८२ साली बेल लॅब्सच्या क्रॅम्बेक, ली आणि लॉ यांनी प्रसिद्ध केला. डोमिनो हे नाव ज्या ओळीने पडणाऱ्या सोंगट्यांवरून आलं, त्या चुकूनही तशाच पडतात.

इथे एक गोष्ट लोकांच्या नजरेतून नेहमी सुटते. गळतीला फ्रिक्वेन्सीशी काही देणंघेणं नाही. तिला फक्त क्लॉक सलग किती वेळ हाय राहिला एवढंच कळतं. खात्री करून घ्यायची असेल तर ११० अंशांवरच क्लॉकचा आवर्तकाळ १०० नॅनोसेकंद ठेवा, म्हणजे फक्त १० मेगाहर्ट्झ, पण हाय पल्स २ नॅनोसेकंदांचाच द्या. तुमचा गेट पास होईल. उरलेले ९८ नॅनोसेकंद पीमॉस X ला भरतच असतो, तिथे हरवायला काही नाही. म्हणूनच डोमिनो ब्लॉकचा क्लॉक थांबवायची वेळ आली तर तो लो थांबवतात. हाय थांबवला तर सगळे तरंगते नोड एकामागून एक खाली येतात.

पण ही युक्ती पूर्ण डिझाइनला जशीच्या तशी लावू नका. प्रीचार्ज सुरू झाला की गेटचं उत्तर पुसलं जातं, त्यामुळे ते आधी कुठल्या तरी लॅचने पकडलेलं असावं लागतं. तो लॅचही डायनॅमिक असेल, म्हणजे एक पास ट्रान्झिस्टर आणि पुढच्या गेटचा कपॅसिटन्स एवढाच असेल, तर आता त्याला ते उत्तर ९८ नॅनोसेकंद जपायचं आहे. दुखणं बरं झालं नाही, शेजारी गेलं. दोन फेजच्या डिझाइनमध्ये एका फेजला काही नोड तरंगतात आणि दुसऱ्या फेजला दुसरे, त्यामुळे तिथे हाय आणि लो दोन्हींच्या लांबीवर मर्यादा येते.

जुन्या मायक्रोप्रोसेसरांच्या डेटाशीटमध्ये हीच मर्यादा छापलेली असायची. इंटेल ८०८६ साठी क्लॉकचा आवर्तकाळ जास्तीत जास्त ५०० नॅनोसेकंद, म्हणजे किमान २ मेगाहर्ट्झ. त्याआधीच्या ८०८० साठी जास्तीत जास्त २ मायक्रोसेकंद. एकेक पायरी बघावी म्हणून बटण दाबून क्लॉक देणाऱ्याला ८०८६ दाद देत नसे, कारण दोन दाबण्यांच्या मध्ये त्याच्या आतल्या साठवणुकीची काहीच हमी नव्हती. योग्य रीत म्हणजे क्लॉक चालू ठेवायचा आणि रेडी पिनवरून प्रोसेसरला ताटकळत ठेवायचं. नंतरच्या सीमॉस ८०सी८६ मध्ये साठवण स्टॅटिक केली, आणि त्याचा क्लॉक शून्यापर्यंत नेता येतो. त्या काळच्या ५ व्होल्टच्या मोठ्या ट्रान्झिस्टरांची गळती फार कमी होती, म्हणून मर्यादा मायक्रोसेकंदांत मोजली जायची. आपल्या वरच्या उदाहरणात ती नॅनोसेकंदांत आली आहे. थ्रेशोल्ड खाली आणत गेलो त्याची ही किंमत.

तुमच्या गेटला कीपर नाही असं दिसतं. X आणि पुरवठा यांच्यामध्ये एक बारीक पीमॉस लावा आणि त्याचं गेट इन्व्हर्टरच्या आउटपुटला जोडा. X वर असेपर्यंत आउटपुट ० असतं, म्हणून कीपर चालू राहतो आणि गळतीइतका प्रवाह भरत राहतो. X खरोखर रिकामा झाला की आउटपुट १ होतं आणि कीपर स्वतःहून बाजूला होतो.

कीपर आल्यावर प्रश्नाचं रूपच बदलतं. आधी शर्यत वेळेशी होती, आता प्रवाहाची तुलना प्रवाहाशी आहे. समजा तुमचा कीपर पूर्ण ताकदीने ८ मायक्रोअँपिअर देतो, आणि X ०.१ व्होल्ट घसरला असताना साधारण २. गरम असताना गळती ०.८ आहे, म्हणजे X सुमारे ०.०४ व्होल्ट घसरून तिथेच थांबेल, आणि क्लॉक कितीही वेळ हाय असो, तिथेच राहील. हळू क्लॉकची मर्यादा संपली. उलट कीपर गळतीला जेमतेमच पुरत असेल तर X मधल्याच पातळीवर अडकतो, इन्व्हर्टरचे दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतात आणि पुरवठ्यातून नाहक प्रवाह वाहत राहतो.

मग कीपर भक्कमच का घेऊ नये? कारण इव्हॅल्युएटच्या सुरुवातीला तो चालूच असतो, आणि X खाली ओढणाऱ्या एनमॉसला आधी त्याच्याशी झुंजावं लागतं. तुमच्या ऑर गेटमध्ये सर्वांत अवघड वेळ म्हणजे एकच इनपुट १ असणं. तो एक एनमॉस १०० मायक्रोअँपिअर ओढत असेल तर ८ चा कीपर त्याचा साधारण बारावा हिस्सा खातो. हे मी चालवून घेईन. ३० चा कीपर लावलात तर वेगासाठी डोमिनो निवडण्यात फारसा अर्थ उरत नाही.

तपासताना दोन वेगळे कॉर्नर लागतात, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. टिकण्यासाठी वाईट स्थिती म्हणजे वेगवान एनमॉस, मंद पीमॉस, जास्त तापमान: गळती भरपूर आणि कीपर दुबळा. रिकामं होण्यासाठी वाईट स्थिती म्हणजे मंद एनमॉस आणि वेगवान पीमॉस. नवखी मंडळी सगळं मंद कॉर्नरला तपासून निश्चिंत होतात, कारण सेटअपची वाईट स्थिती तीच असते. गळती मात्र तिथे सर्वांत कमी असते, आणि गेट उगाच निरोगी दिसतो.

सिम्युलेशनमध्ये कीपर काढून, सगळे इनपुट ० ठेवून, एक लांब हाय पल्स द्या आणि X किती वेळ टिकतो ते मोजा:

```
.temp 110
.tran 10p 40n
.meas tran t_hold TRIG v(clk) VAL=0.5 RISE=1
+ TARG v(x) VAL=0.7 FALL=1
```

आलेखात X ची घसरण जवळजवळ सरळ रेषेत दिसली पाहिजे. पुष्कळांना आरसी सर्किटसारखी वक्र घसरण अपेक्षित असते. पण ड्रेनवर पुरेसं व्होल्टेज असेपर्यंत सबथ्रेशोल्ड गळती त्या व्होल्टेजवर फार अवलंबून नसते, त्यामुळे प्रवाह साधारण स्थिर राहतो आणि X एकसारखा उतरतो. क्लॉक चढताच एकदम पायरीसारखी घट दिसली आणि पुढे X स्थिर राहिला, तर ती गळती नाही. मधल्या एखाद्या रिकाम्या नोडशी चार्ज वाटला गेला आहे, आणि तो दोष वेगवान क्लॉकवरही तसाच राहतो.

यानंतर इनपुट नेमके ० न ठेवता ०.१ व्होल्टवर ठेवून तेच मोजा. गरम असताना गेटवरच्या साधारण १०० मिलिव्होल्टमागे सबथ्रेशोल्ड प्रवाह १० पट होतो असं धरलं, तर आठही इनपुटांवर एवढा नॉइज सतत बसल्यास ३.७५ नॅनोसेकंदांचे ०.३७५ होतात. मग तुमचं ५०० मेगाहर्ट्झचं यशही कागदावरच राहतं. प्रत्यक्षात नॉइज क्षणभरच येतो आणि सगळ्या इनपुटांवर एकदम क्वचित येतो, पण कीपर ठरवताना मी तरी शुद्ध शून्य इनपुटांच्या गळतीवर विसंबत नाही.

हातात चिप आलेली असेल तर ओळख कशी पटवायची? सेटअप चुकत असेल तर क्लॉक हळू केल्यावर दोष जातो. होल्ड चुकत असेल तर क्लॉकचा वेग बदलून फरक पडत नाही. चार्ज गळत असेल तर क्लॉक हळू केल्यावर दोष येतो, आणि ज्या फ्रिक्वेन्सीखाली तो येतो ती तापमानाबरोबर वर सरकते. एकदा आमच्याकडे पूर्ण वेगाने पास होणारी चिप गरम अवस्थेत टेस्टरच्या हळू क्लॉकवर पडत होती. हळू क्लॉकवर पडणं अशक्यच, असं गृहीत धरून आम्ही दोन दिवस टेस्ट प्रोग्राममध्ये चूक शोधत बसलो. तिसऱ्या दिवशी कोणीतरी फ्रिक्वेन्सी तशीच ठेवून क्लॉकचा हाय भाग तेवढा अरुंद केला, आणि चिप पास झाली. मग एका रुंद नॉर गेटपर्यंत पोचायला अर्धा तास लागला. हा प्रयोग मी आता सर्वांत आधी करतो, कारण त्याला टेस्टरवरची एकच सेटिंग बदलावी लागते.

X चा कपॅसिटन्स वाढवून हे सुटेल असं वाटत असेल तर एक खाचखळगा आहे. ट्रान्झिस्टर रुंद करून कपॅसिटन्स वाढवलात तर गळतीही त्याच प्रमाणात वाढते, आणि टिकण्याचा वेळ जवळपास तिथेच राहतो. वेगळा कपॅसिटर जोडलात तर वेळ वाढतो, पण X रिकामा करायलाही तेवढाच उशीर लागतो.

तुमच्या जागी मी असतो तर आठ इनपुट एकाच नोडवर ठेवले नसते. चार-चारचे दोन डायनॅमिक नोड करा, आणि इन्व्हर्टरच्या जागी दोन इनपुटचा साधा नँड लावा. दोन्ही नोड वर असतील तरच आउटपुट ०, म्हणजे उत्तर आठांचा ऑरच राहतो. कीपर नसेल तर टिकण्याचा वेळ यामुळे फार वाढणार नाही, कारण गळतीबरोबर नोडचा कपॅसिटन्सही कमी होतो. फायदा कीपरमध्ये आहे: प्रत्येक नोडची गळती निम्मी झाल्यामुळे ४ मायक्रोअँपिअरचा कीपर पुरतो, आणि एकट्या एनमॉसला झुंजही निम्म्याशीच द्यावी लागते. एक लक्षात ठेवा, कीपरचं गेट आता सामायिक आउटपुटला जोडू नका. एक नोड रिकामा झाला की आउटपुट १ होईल आणि दुसऱ्या, अजून भरलेल्या नोडचा कीपरही बंद पडेल. उत्तर त्या फेरीत बरोबर राहील, पण दुसरा नोड हळूहळू मधल्या पातळीवर उतरत जाईल आणि नँडमधून प्रवाह गळायला लागू शकेल. प्रत्येक नोडला स्वतःचा छोटा इन्व्हर्टर द्या आणि त्याच्याकडूनच त्याचा कीपर चालवा.